स्लॅब दर वेळी का रखडतो?

बारा मजली इमारतीचं काम चालू आहे असं समजा. एक स्लॅब भरला की १२ दिवसांनी पुढचा भरायचा, असं वेळापत्रक आहे. पण पाचव्या मजल्यापासून प्रत्येक स्लॅबला १५-१६ दिवस लागताहेत. साइटवर विचारलं तर कोणी म्हणतं मजूर कमी पडले, कोणी म्हणतं पाऊस आला. एखादाच स्लॅब लांबला असता तर हे पटलं असतं. ओळीने पाच लांबले, तेव्हा दर वेळी नवं कारण सांगितलं जात असलं तरी मुळाशी काहीतरी एकच असण्याचा संभव जास्त.

अशा वेळी काओरू इशिकावा या जपानी गुणवत्ता-तज्ज्ञांची माशाच्या सांगाड्यासारखी आकृती उपयोगी पडते. कागदावर आडवी रेघ म्हणजे पाठीचा कणा, उजवीकडच्या डोक्यात अडचण. कण्याला जोडलेले तिरपे काटे म्हणजे कारणांचे गट: माणसं, सामान, यंत्रं, कामाची पद्धत, नकाशे व मंजुऱ्या, हवामान. प्रत्येक काट्याला संभाव्य कारणांचे बारीक काटे फुटत जातात. डोक्यात ‘कामात दिरंगाई’ असं लिहिलं तर सगळा कागद तक्रारींनी भरतो. ‘पाच ते नऊ मजल्यांचे स्लॅब तीन-चार दिवस उशिरा भरले’ असं मोजता येणारं वाक्य हवं. आणि कागदाभोवती फक्त इंजिनिअर नकोत. मुकादम, इलेक्ट्रिशियन, स्टोअरवाला, सगळेच हवेत. ज्याचं काम अडतं त्यालाच कुठे अडतं ते ठाऊक असतं.

मात्र भरलेला सांगाडा म्हणजे अंदाजांचा नकाशा. तो पुरावा नव्हे, आणि बहुतेक बैठका इथेच फसतात: हात वर करून एक काटा निवडला जातो. त्याऐवजी साइटची रोजची नोंदवही उघडायची. पाचपैकी तीन स्लॅब कोरड्या दिवसांतही लांबलेले दिसले, तर पाऊस हे मूळ कारण राहत नाही. मजुरांच्या हजेरीत आणखी महत्त्वाची गोष्ट सापडते. शटरिंग आणि खालची सळई बांधून होईपर्यंत टोळी पूर्ण होती. पुढचे दोन-तीन दिवस काम नसल्याने ठेकेदाराने तिला दुसऱ्या साइटवर हलवलं, आणि काम सुरू झालं तेव्हा माणसं कमी पडली. म्हणजे मजुरांची टंचाई हा रखडण्याचा परिणाम होता, कारण नव्हतं.

आता या अडलेल्या जागी ‘का?’ विचारत जायचं. टोळी का थांबली? वरची सळई बांधता येईना, कारण विजेचे पाइप टाकून झाले नव्हते. ते का राहिले? इलेक्ट्रिशियनला सुधारित नकाशा उशिरा मिळाला. उशिरा का? आर्किटेक्टकडे शेवटच्या आठवड्यातही पंख्याचे नि एसीचे पॉइंट बदलण्याच्या सूचना येत होत्या. का येत होत्या? फ्लॅट घेणाऱ्यांचे बदल विक्री विभाग कधीही स्वीकारत होता. का स्वीकारत होता? बदल कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचे, हे कोणी ठरवलंच नव्हतं. उशीर साइटवर दिसत होता, पण त्याचं मूळ विक्रीच्या टेबलावर होतं.

प्रश्नांची ही रीत टोयोटा कंपनीत रुजली. ताइची ओहनो यांनी १९७८च्या आपल्या पुस्तकात बंद पडलेल्या यंत्राचं उदाहरण दिलं आहे. फ्यूज उडाला, कारण बेअरिंगला वंगण पुरत नव्हतं. वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता, कारण त्याचा दांडा झिजला होता. आणि झिजला कारण पंपाला गाळणी नसल्याने धातूचा कीस आत जात होता. नुसता फ्यूज बदलला असता तर यंत्र पुन्हा बंद पडलं असतं.

पाच हा आकडा काही पवित्र नाही. कधी तीन प्रश्न पुरतात, कधी सात लागतात. साखळी उलट दिशेने, ‘म्हणून’ जोडत वाचून पाहावी. तारीख ठरली नव्हती म्हणून बदल येत राहिले, म्हणून नकाशा लांबला, म्हणून पाइप राहिले. कुठे अडखळलं तर तिथला दुवा कच्चा आहे. उत्तर ‘इलेक्ट्रिशियन निष्काळजी आहे’ असं आलं तर तिथे थांबणं सर्वांत घातक. माणूस बदलला तरी नकाशा उशिराच येणार असतो.

दुसरा धोका म्हणजे एकाच साखळीवर समाधान मानणं. एका ‘का?’ला दोन खरी उत्तरं असू शकतात. इथेही वरची सळई बांधून झाल्यावर स्ट्रक्चरल कन्सल्टंटची तपासणी बाकी राहते, आणि तो आठवड्यातून एकदाच येत असेल तर एखादा दिवस तिथे जाणारच. ती वेगळी फांदी. तिचे प्रश्न वेगळे विचारायचे.

उपाय लहानच आहे: स्लॅबच्या तारखेआधी २१ दिवस त्या मजल्याचे बदल बंद, आणि ही तारीख ग्राहकाला बुकिंगच्या वेळीच लेखी कळवायची. मग पुढच्या तीन स्लॅबांना पाइप टाकायला कधी सुरुवात झाली आणि काँक्रीट कधी पडलं, हे नोंदवहीत पाहायचं. पाइप वेळेवर पडले आणि स्लॅब तरीही तीन दिवस लांबला, तर आपण चुकीचा काटा धरला होता. सांगाडा पुन्हा समोर घ्यायचा.