एलडीएल ठीक, तरी कण जास्त

रक्तात कोलेस्टेरॉल एकटं फिरत नाही. ते प्रथिनं आणि चरबीच्या कणांतून वाहिलं जातं. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून अडकणाऱ्या प्रत्येक कणावर अपोलिपोप्रोटीन बी, म्हणजे अपोबी, या प्रथिनाचा एकच रेणू असतो. त्यामुळे अपोबी मोजलं की कणांची मोजदाद होते. एलडीएलचा आकडा मात्र त्या कणांतला माल सांगतो: एसटीत प्रवासी किती ते कळतं, रस्त्यावर गाड्या किती ते नाही.

समजा, मधुमेह आणि सुटलेलं पोट असलेल्या पन्नाशीच्या गृहस्थांचा रिपोर्ट असा आहे: एकूण कोलेस्टेरॉल 180, एचडीएल 35, ट्रायग्लिसराइड 240. अनेक लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. 180 मधून 35 आणि 240 चा पाचवा भाग, म्हणजे 48, वजा केले की उरतात 97. आकडा बरा वाटतो. पण अपोबी येतं 118, आणि मधुमेहींसाठी ते साधारण 80 च्या खाली हवं.

ही तफावत ट्रायग्लिसराइडमुळे पडते. ते वाढलं की एलडीएलच्या कणांत शिरतं आणि कोलेस्टेरॉल बाहेर पडतं. मग यकृतातलं एक विकर त्यातली चरबी तोडतं आणि कण बारीक होतो. तेवढंच कोलेस्टेरॉल वाहायला आता जास्त कण लागतात. भारतीयांत ही ठेवण बरीच आढळते, म्हणून माझ्या मते अशा रिपोर्टनंतर अपोबी तपासणं रास्त आहे. उपाशीपोटी जाण्याचीही गरज नसते.

उलटही घडतं: कण मोठे, कोलेस्टेरॉलने भरलेले असले तर एलडीएल चढं दिसतं आणि अपोबी त्या मानाने कमी.