वर्गणी पुन्हा भरण्यापूर्वी : खजिनदाराची सभासदांस विज्ञप्ती

सर्व सभासद बंधुभगिनींस सविनय विदित व्हावे की, चालू महिन्याच्या 5 तारखेच्या सायंकाळपासून 7 तारखेच्या दुपारपर्यंत मोबाईलवरून भरलेली वर्गणी संघाच्या खात्यात नीट जमा होऊ शकली नाही. संघाचे खाते ज्या बँकेत आहे, तिच्या संगणक-व्यवस्थेत त्या वेळी बदल चालू होता. त्यामुळे कित्येकांच्या खात्यातून रक्कम वजा झाली, परंतु संघाच्या कीर्दीत तिची जमा दिसत नाही. काहींनी घाईने दुसऱ्यांदा भरणा केला. काहींनी आता पैसे बुडाले असे समजून स्वस्थ बसणे पसंत केले. या दोहोंपैकी एकही मार्ग योग्य नाही. म्हणून पैसा या वाटेत कोठे अडकतो, तो कसा ओळखावा आणि वर्गणी पुन्हा केव्हा व कशी भरावी, हे येथे सविस्तर देत आहे.

प्रथम भरणा कसा होतो ते समजून घेतले पाहिजे. आपण मोबाईलवर गुप्त पिन टाकला म्हणजे पैसे थेट संघाकडे जातात अशी आपली समजूत असते. वस्तुतः मध्ये तीन ठाणी आहेत. पहिले आपली बँक, दुसरे यू.पी.आय. चालविणारे राष्ट्रीय भरणा महामंडळ आणि तिसरे संघाची बँक. आपली बँक आधी आपल्या खात्यातून रक्कम वजा करते. मग महामंडळ संघाच्या बँकेस कळविते की, अमुक रक्कम अमुक खात्यात जमा करा. संघाच्या बँकेने "जमा केली" असे उत्तर दिले म्हणजे काम पुरे झाले. तिने "जमा करता येत नाही" असे कळविले, तर रक्कम उलट फिरून बहुधा काही मिनिटांतच आपल्या खात्यात परत येते.

अडचण उत्पन्न होते ती तिसऱ्या प्रकारात. संघाची बँक होय म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ठरलेल्या अवधीत तिचे उत्तरच येत नाही. अशा वेळी रक्कम आपल्या खात्यातून गेलेली असते आणि तिचा निकाल लागायचा राहिलेला असतो. पुढे बँकांचे हिशेब एकमेकांशी ताडून पाहिले जातात तेव्हा ती संघाच्या खात्यात उशिरा जमा तरी होते, नाही तर आपल्याकडे परत तरी येते. उत्तर न येणे म्हणजे नकार नव्हे, ही गोष्ट सभासदांनी पक्की ध्यानात धरावी. साऱ्या घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

ज्यांनी सरकारी कोषागारात चलनाने भरणा केला असेल, त्यांस हा प्रकार नवा वाटणार नाही. खातेदाराने रक्कम भरलेली असे, त्याच्या हाती चलनाची प्रत असे, परंतु कचेरीकडे जावयाची प्रत वाटेत राहिल्यामुळे तेथील वहीत त्याच्या नावे बाकी दिसे. अशा वेळी शहाणा खातेदार दुसऱ्यांदा भरणा करीत नसे. तो चलनाचा क्रमांक दाखवून दोन्ही वह्यांचा मेळ घालण्यास सांगे. मोबाईलच्या भरण्यातही असा क्रमांक असतो. तो बारा आकडी असून मोबाईलवर UTR या अक्षरांपुढे अथवा "UPI transaction ID" या शब्दांपुढे दिसतो. आपल्या बँकेच्या उताऱ्यात रक्कम नावे पडते तेथे, आणि संघाच्या बँकेच्या उताऱ्यात ती जमा होते तेथे, हाच क्रमांक उमटतो. म्हणून आमच्याकडे चौकशीस येताना मोबाईलवरील हिरवी खूण दाखविण्यापेक्षा हा क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहून आणावी. पडद्याचे छायाचित्र म्हणजे पावती नव्हे. तसले चित्र खोटेही करता येते, म्हणून खजिनदारास केवळ त्यावरून पावती फाडता येत नाही.

आता एका सभासदाचे प्रत्यक्ष उदाहरण पाहू. त्यांनी 5 तारखेस सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांनी संघाच्या क्यूआर पाटीवरून वर्गणीचे 600 रुपये भरले. मोबाईलवर Processing असा शब्द दिसत राहिला आणि बँकेकडून 600 रुपये वजा झाल्याचा लघुसंदेश आला. पंधरा मिनिटे वाट पाहून त्यांनी पुन्हा भरणा केला. या वेळी Failed असे आले. 600 रुपये वजा झाले, पण थोड्याच वेळात परत जमा झाले. पुढे 7 तारखेस सायंकाळी त्यांनी तिसऱ्यांदा भरणा केला आणि तो सुरळीत पार पडला. 8 तारखेस आमच्या उताऱ्यात त्यांची एकच जमा होती, ती तिसऱ्या भरण्याची. परंतु 9 तारखेस पहिल्या भरण्याचे 600 रुपयेही येऊन दाखल झाले. बारा आकडी क्रमांक ताडून पाहता तीनही भरण्यांचा उलगडा झाला : पहिला उशिरा पोहोचला, दुसरा परत गेला, तिसरा वेळेवर आला. सभासदाचे 600 रुपये संघाकडे जास्त जमा झाले. ते बुडाले नाहीत हे खरे. परंतु ऐन खतबियाण्याच्या खर्चाच्या दिवसांत ते विनाकारण अडकून पडले. चार दिवस धीर धरला असता तर तिसऱ्या भरण्याचे कारणच पडले नसते.

धीर किती दिवस धरावा, याची मर्यादा रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाने घालून दिलेली आहे. खात्यावरून खात्यावर यू.पी.आय.ने पाठविलेली रक्कम समोरच्या खात्यात जमा न झाल्यास ती फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत आली पाहिजे. व्यापारी प्रकारच्या क्यूआर पाटीवर भरणा केला असेल तर ही मुदत पाच दिवसांची आहे. संघाची पाटी या दुसऱ्या प्रकारात मोडते. म्हणजे 5 तारखेस पाटीवरून भरलेल्या रकमेचा निकाल 10 तारखेपर्यंत लागावयास हवा. त्यानंतरच्या विलंबासाठी बँकेने खातेदारास दररोज 100 रुपये भरपाई द्यावी आणि ती त्याने न मागता द्यावी, असे त्याच परिपत्रकात आहे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा या मुदती उलटून गेलेल्या असतील. म्हणून प्रत्येकाने आधी आपले पासबुक भरून घ्यावे किंवा बँकेचा उतारा काढावा, आणि 5 तारखेपासून पुढील नोंदी पाहाव्या. वजा झालेली रक्कम पुन्हा जमा झालेली दिसली, तर वर्गणी अद्याप भरली गेलेली नाही असे समजून ती निःशंकपणे पुन्हा भरावी. रक्कम वजा आहे आणि परत आलेली नाही, तर पुन्हा भरू नये. बारा आकडी क्रमांक घेऊन संघाच्या कचेरीत यावे. आमच्या उताऱ्यात तो क्रमांक सापडल्यास तेथल्या तेथे पावती मिळेल. दोन्हीकडे तो पैसा नसेल, तर तक्रार ज्या बँकेतून रक्कम वजा झाली त्या आपल्या बँकेकडे करावी. भरण्याच्या ॲपमध्ये त्याच व्यवहारावर बोट ठेवले असता तक्रारीची सोय दिसते, तीही वापरावी. तक्रारीचा क्रमांक अवश्य घ्यावा. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या ठिकाणी विनामूल्य तक्रार करता येते.

पुन्हा भरणा करावयाचा तो तीनच मार्गांनी करावा. रोख रक्कम कचेरीत देऊन छापील पावती घ्यावी. किंवा संघाच्या नावाचा रेखांकित धनादेश द्यावा. किंवा कचेरीतील पाटीवरून भरणा करावा. पाटीवरून भरताना पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर पैसे घेणाऱ्याचे नाव दिसते, ते वाचावे. तेथे संघाचे नाव नसून कोणा इसमाचे नाव आले, तर तेथेच थांबावे व कचेरीस कळवावे. कारण खऱ्या पाटीवर दुसरी चिकटवून पैसे लुबाडण्याचे प्रकार घडलेले आहेत. मोबाईलवर कोणी धाडलेल्या पाटीवर किंवा दुव्यावर वर्गणी भरू नये. संघ तसे काही पाठवीत नाही.

भरणे अडकल्याची वार्ता पसरली म्हणजे भामट्यांस आयतीच संधी मिळते. "संघातून बोलतो, आपली वर्गणी परत करावयाची आहे, आलेली विनंती मंजूर करून पिन टाका," असा फोन येऊ शकतो. येथे एकच कसोटी पुरेशी आहे. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. परताव्यासाठी जो पिन मागतो, पाटी टिपावयास सांगतो किंवा मोबाईलमध्ये एखादे नवे ॲप घालावयास सांगतो, तो पैसे देणारा नसून नेणारा आहे. तसेच बँकेचा मदत-क्रमांक इंटरनेटवर शोधून फोन करू नये. तो पासबुकावरून अथवा कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा. दुर्दैवाने कोणी फसलाच, तर संकोच न करता ताबडतोब 1930 या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे, आणि cybercrime.gov.in येथे तक्रार नोंदवावी. पैसा भामट्याने पुढे हलविण्यापूर्वी खबर पोहोचली तरच तो रोखला जाण्याचा संभव असतो.

ज्यांची वर्गणी दोनदा जमा झाली आहे, त्यांनी साध्या कागदावर अर्ज द्यावा. जादा रक्कम पुढील वर्षाच्या वर्गणीपोटी अनामत ठेवावी किंवा परत घ्यावी, हे त्यांनी ठरवावयाचे आहे. परतावा ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यावर केला जाईल. फोनवरून सांगितलेल्या दुसऱ्या क्रमांकावर तो कोणत्याही सबबीवर दिला जाणार नाही. या नियमाचा कोणी राग मानू नये. दुसऱ्याच्या नावाने परतावा मागणारास तो अटकाव करतो.

शेवटी वर्गणी थकल्यामुळे सभासदत्व जाईल काय, अशी पृच्छा अनेकांनी केली आहे. 5 ते 7 या तारखांत ज्यांनी भरण्याचा प्रयत्न केल्याचे त्यांच्या बँकेच्या उताऱ्यावरून दिसेल, त्यांची वर्गणी त्याच तारखेस भरली असे धरण्याचे कार्यकारी मंडळाने ठरविले आहे. मात्र प्रत्यक्ष रक्कम पुढील महिन्याच्या अखेरीपर्यंत संघाच्या खात्यात आली पाहिजे. तोपर्यंत त्यांचा अंक बंद होणार नाही व वार्षिक सभेतील त्यांच्या मतासही बाध येणार नाही. कचेरी रविवार खेरीज रोज सकाळी दहा ते एक उघडी असते. येताना उतारा व क्रमांक बरोबर असावा, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही. कळावे.

आपला,
खजिनदार