वक्ते वाटेत आहेत

सहाचं व्याख्यान, सभागृह भरलेलं आणि वक्ते अजून चांदणी चौकात अडकलेले. अशा वेळी कच्चा सूत्रसंचालक त्यांचा परिचय आधीच वाचून टाकतो. मग ते आल्यावर बोलायला काही उरत नाही. मुरलेला माणूस पदव्या-पुरस्कारांचा कागद खिशातच ठेवतो. उशीर होतोय हे एका वाक्यात सांगतो, 'पाचच मिनिटं' असं वचन मात्र देत नाही. मग विषयाकडे वळतो. व्याख्यान दुष्काळावर असेल तर १९७२ च्या आठवणी, खडी फोडायची कामं, सुकडी, हे श्रोत्यांनाच विचारतो. उपाययोजनेला हात लावत नाही. तो वक्त्यांचा प्रांत. दारातल्या कार्यकर्त्याने खूण केली की चालू वाक्य पुरं करायचं आणि मग सावकाश परिचय. जिना चढून आलेल्या वक्त्यांना घोटभर पाणी प्यायला तेवढा वेळ लागतोच.