कार्यालयाची पावती फाडण्याआधी

कार्यालय बघायला गेलेली मंडळी पार्किंग, एसी, वरपक्षाच्या खोल्या सगळं नीट पाहतात, भाड्यात घासाघीस करतात आणि अॅडव्हान्स देऊन मोकळी होतात. पावतीच्या मागे छापलेल्या अटींवर सही होते ती न वाचताच. पुढे वाद होतो तो बहुतेक या अटींवरून. एक उदाहरण धरून त्या पाहू.

समजा, भाडं 1,20,000 रुपये ठरलं. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 21,600 रुपये. शिवाय 25,000 रुपये अनामत. बुकिंगला 40,000, लग्नाआधी 60 दिवस आणखी 40,000 आणि 15 दिवस आधी उरलेलं भाडं, कर व अनामत, असे हप्ते. इथे दोन गोष्टी विचारायच्या. हप्ता दोन दिवस उशिरा गेला तर तारीख जाते का, की आधी लेखी आठवण देतात? आणि ‘लग्नाआधी’ म्हणजे नेमकं कधीपासून मोजायचं? सीमांतपूजनासाठी आदल्या संध्याकाळी हॉल ताब्यात घेणार असाल, तर कार्यालय त्या दिवसापासून मोजू शकतं आणि तुमची मुदत एका दिवसानं कमी होते.

सगळ्यात जपून वाचायची ती रद्द करण्याची अट. आपल्या उदाहरणात ती अशी आहे: 90 ते 30 दिवस आधी रद्द केल्यास 50 टक्के कपात. पण 50 टक्के कशाचे? लग्न 70 दिवसांवर असताना मोडलं, तेव्हा भरलेले आहेत 40,000. कपात ‘भरलेल्या रकमेच्या’ असेल तर 20,000 परत मिळतील. ‘एकूण भाड्याच्या’ असेल तर कपात 60,000. म्हणजे परत काही नाहीच, वर कार्यालय आणखी 20,000 मागू शकतं. एका शब्दानं 40,000 रुपयांचा फरक पडला. फोनवर कळवलेलं धरलं जाईल की लेखीच लागेल, हेही विचारून घ्या.

लग्न मोडत नाही, पण घरात कुणी जातं आणि सुतकामुळे पुढे ढकलावं लागतं, असंही होतं. करारात तारीख बदलण्याची वेगळी सोय नसेल, तर याला ‘रद्द’च म्हटलं जातं. म्हणून ‘अमुक महिन्यांत दुसरी मोकळी तारीख घेतल्यास भरलेली रक्कम वळती होईल’ आणि ‘सोडलेली तारीख दुसऱ्याला गेल्यास कपात कमी होईल’ अशी दोन वाक्यं घालून घ्या. दुसऱ्या वाक्याला कायद्याचाही आधार आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 74 नुसार, करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी असेल तेवढीच भरपाई मागता येते. पण त्यासाठी ग्राहक आयोगाची पायरी चढण्यापेक्षा बुकिंगच्या वेळी बोललेलं बरं.

अनामतीतून काय कापलं जातं? हळदीचे डाग पडलेली गादीची खोळ, भिंतीत ठोकलेला खिळा, फुटलेला आरसा, हरवलेली खोलीची किल्ली. ‘नुकसानभरपाई व्यवस्थापक ठरवतील’ एवढंच लिहिलं असेल, तर दरांची यादी मागा. ताबा घेताना व्यवस्थापकासोबत खोल्या फिरून मोबाइलवर फोटो काढा आणि वीजमीटरचं रीडिंगही टिपा, कारण वीज वेगळी असल्यास तीही अनामतीतूनच वळती होते. डेकोरेशनवाल्यानं केलेलं नुकसान बऱ्याच करारांत यजमानाच्या माथी असतं. ते त्याच्या बिलातून कापायचं, हे त्याच्याशी आधीच ठरवा.

आता जेवण. ‘ताट 450, हमी 400 ताटांची’ याचा अर्थ 330 पानं उठली तरी पैसे 400 चेच. न जेवलेल्या 70 ताटांचे 31,500 रुपये. म्हणून हमी आमंत्रितांच्या आकड्यावर न देता नक्की येणाऱ्यांच्या अंदाजावर द्या आणि वरची ताटं त्याच दरानं मिळतील असं लिहून घ्या. 450 करासह की कर वेगळा, हेही विचारा. बुफेत मोजणी ताटांवर असेल, तर एकानं दोनदा ताट घेतलं की दोन धरली जातात. कूपन असेल तर हा घोळ होत नाही. बँडवाले, फोटोग्राफर, गाडीचे चालक मोजणीत आहेत का, लहान मुलांचा दर काय, हेही तेव्हाच ठरवा. मोजणीला घरातला एक जबाबदार माणूस उभा करा आणि प्रत्येक जेवणानंतर दोघांनी आकड्यावर सही करा. बाहेरचा आचारी चालत असेल, तर त्याबद्दल कार्यालय वेगळी रक्कम घेतं का, तेही पाहा.

व्यवस्थापक ‘करून देऊ हो, काळजी करू नका’ म्हणाला, की तेच वाक्य करारावर पेनानं लिहून दोन्ही प्रतींवर दोघांच्या सह्या घ्या. तो सही करायला कचरला, तर त्या अटीचं काय होणार हे तुम्हाला अॅडव्हान्स देण्याआधीच कळेल.