तेलाचा डबा कितीला पडला?

१४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या सोयाबीन, सूर्यफूल आणि पामतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं. रिफाइंड तेलावरचं शुल्क साडेबारावरून साडेबत्तीस टक्के झालं. घाऊक बाजारात डब्याचा भाव लगेच चढला. गिऱ्हाईक ओरडलं, ते आपण ऐकलं. पण किराणा दुकानदाराच्या वहीत एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. मांडणीवर जुन्या भावाचे आणि नव्या भावाचे डबे शेजारी शेजारी होते आणि तेल दोन्हींत तेच. मग महिनाअखेरीस उरलेल्या डब्यांची किंमत कोणत्या भावाने धरायची?

हिशेब सोपा राहावा म्हणून पुढचे आकडे मी गोल धरले आहेत. एका दुकानात १ सप्टेंबरला सोयाबीन तेलाचे २० डबे शिल्लक होते, प्रत्येकी १,६०० रुपयांना पडलेले. १० तारखेला १,६५० ने ३० डबे आले. शुल्कवाढीनंतर २० तारखेला आणखी ३० आले, ते १,९५० ने. एकूण ८० डबे आणि त्यात गुंतलेले १ लाख ४० हजार रुपये. विक्री ५५ डब्यांची झाली. शुल्कवाढीच्या आधी ३० डबे १,७५० ने गेले, आणि २० तारखेचा माल आल्यावर २५ डबे २,०५० ने. विक्रीचे १,०३,७५० रुपये जमा झाले आणि २५ डबे उरले.

‘आधी आलेला माल आधी गेला’ असं धरणारी पद्धत म्हणजे फिफो. तिच्या हिशेबात १,६०० आणि १,६५० चे सगळे डबे संपले, नव्यातलेही पाच गेले. उरलेले २५ डबे १,९५० चेच. शिल्लक माल ४८,७५० रुपयांचा आणि नफा १२,५०० रुपये.

भारित सरासरी हा भेद मानत नाही. १ लाख ४० हजारांना ८० ने भागलं की प्रत्येक डबा १,७५० चा. शिल्लक ४३,७५० आणि नफा ७,५००. डबे तेच, गिऱ्हाईक तेच, गल्ल्यातले पैसेही तेच. नफ्यात मात्र पाच हजारांचा फरक.

सरासरी काढण्याच्याही दोन रीती आहेत. वरची सरासरी सगळ्या महिन्याची एकदम काढली. दर खरेदीला नवी सरासरी काढत गेलं तर आकडा बदलतो. पहिल्या ५० डब्यांची सरासरी १,६३० येते. त्यातले ३० गेले, उरलेल्या २० मध्ये १,९५० चे ३० मिसळले की नवी सरासरी १,८२२. मग शिल्लक ४५,५५० आणि नफा ९,३००. संगणकावर एक आकडा आणि वहीत दुसरा असा घोळ झाला, तर आधी सरासरी कधी काढली ते तपासावं. फिफोत हा घोळ होत नाही. रोज मोजा की वर्षाअखेरीस मोजा, उत्तर एकच येतं.

मग १२,५०० खरा की ७,५००? कायदा दोन्ही मान्य करतो. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेचं लेखा मानक २ फिफो आणि भारित सरासरी दोन्हीला परवानगी देतं. ‘शेवटी आलेला आधी गेला’ ही तिसरी रीत मात्र त्यात बसत नाही. आणि सरासरी धरून कर कायमचा वाचतो, असंही नाही. यंदाचा शिल्लक माल हाच पुढच्या वर्षीचा आरंभीचा माल. तो आज पाच हजारांनी कमी धरला, तर विकला जाईल तेव्हा नफा तेवढाच जास्त दिसेल. कर पुढे ढकलला जातो, एवढंच.

दुकानदाराने जपायचं ते वेगळंच. फिफोने दाखवलेल्या १२,५०० कडे जरा जवळून बघा. शुल्कवाढीनंतर विकलेल्या २५ पैकी २० डबे १,६५० चे होते. ते २,०५० ला गेले, म्हणजे डब्यामागे ४०० सुटले. पण त्या जागी नवा डबा आणायचा तर १,९५० मोजावे लागतात. चारशेतले तीनशे मांडणी भरण्यातच गेले. असे २० डब्यांचे सहा हजार नफ्यात दिसतात, पण घरखर्चाला काढले तर पुढच्या ऑर्डरला हात आखडतो. भाव चढत असताना ‘नफा दिसतो, पैसा दिसत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथून येते.

भाव उतरले की उलटं होतं. ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं. अशा वेळी १,९५० ला घेतलेला डबा समजा १,८५० लाच विकला जाणार असेल, तर तो पुस्तकात १,९५० ने ठेवता येत नाही. खरेदीची किंमत आणि विकून हाती येणारी रक्कम, यांतली कमी असेल ती धरायची. सरासरीवाल्याचा १,७५० चा आकडा अशा वेळी जागचा हलत नाही.

पुष्कळ दुकानांत ३१ मार्चला सरळ शेवटच्या बिलाचा भाव लावून मोकळे होतात. आपल्या उदाहरणात ते चालून गेलं असतं, कारण शेवटच्या खरेदीत ३० डबे होते आणि उरले २५. पण ४० उरले असते तर? शेवटच्या भावाने ७८ हजार होतात. फिफोने ३० डबे १,९५० ने आणि मागचे १० डबे १,६५० ने धरायचे, म्हणजे ७५ हजार. तीन हजारांचा माल हवेतून आला.

फिफो काढायची हातची रीत यातच आहे. माल मोजायचा, शेवटच्या बिलापासून मागे मागे जायचं आणि मोजलेला आकडा भरला की थांबायचं. दोन-तीन बिलांत काम होतं. सरासरीला मात्र वर्षाचं प्रत्येक बिल लागतं, एक हरवलं की गणित बिघडतं. बिलाच्या भावात वाहतूक आणि हमाली मिळवा, सूट वजा करा. जीएसटीचं क्रेडिट घेत असाल तर तो कर किमतीत धरू नका. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट नाही, म्हणून तो धरावाच लागतो.

सीलबंद डबे, छापील एमआरपीची पाकिटं, मुदतीची बिस्किटं यांना फिफो शोभतं, कारण शहाणा दुकानदार जुना माल पुढे आणि नवा मागे लावतोच. कोठीतली तूरडाळ वेगळी. जुन्या डाळीवर नवं पोतं रिकामं केल्यावर कोणता दाणा कोणत्या भावाचा हे कोण सांगणार? तिथे सरासरीच खरी. एका जातीच्या मालाला एकच रीत ठेवा आणि ती दरवर्षी बदलू नका. नफा जास्त दिसला म्हणून यंदा सरासरी, कमी दिसला म्हणून पुढच्या वर्षी फिफो, असं केलंत तर कर अधिकारीही विचारेल आणि कॅश क्रेडिट देणारी बँकही, कारण तुमची उचलमर्यादा याच स्टॉकच्या आकड्यावरून ठरते.

अंदाजे उत्पन्नाच्या कलम ४४एडी खाली विवरण भरणाऱ्यांच्या करावर या फरकाचा परिणाम होत नाही, कारण तिथे नफा उलाढालीच्या टक्क्यांवर धरला जातो. तरीही त्यांच्या आयटीआर-४ मध्ये शिल्लक मालाचा आकडा विचारलेला असतो. तेव्हा यंदा माल मोजाल त्या रात्री प्रत्येक वस्तूची शेवटची दोन-तीन बिलं काढून त्याच यादीला टाचून ठेवा.