सर्वांत अवघड शॉट आधी

समजा, वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात वीस मिनिटांचा लघुपट करायचा आहे. चित्रीकरण पाच दिवसांचे, माणसे आठ-दहा आणि पैसे बेताचे. पटकथेत दोन प्रसंग अवघड आहेत. पहिल्यात भर दुपारी आजी माजघरात बसलेली आहे आणि तिच्या मागच्या उघड्या दारातून उन्हाने पांढरे झालेले अंगण दिसते. दुसऱ्यात रात्री कंदिलाच्या उजेडात दोघे बोलत बसतात. कॅमेरा कोणता घ्यायचा याचा निर्णय या दोन प्रसंगांवरून करायला हवा. बाकीचे प्रसंग आजचा कोणताही बरा कॅमेरा व्यवस्थित टिपतो.

आधी माजघराचा प्रसंग पाहू. छायाचित्रणात उजेडातला फरक स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. अंगणातले ऊन आणि माजघरातला उजेड मीटरने मोजला तर नऊ स्टॉपांचा फरक सहज निघतो, म्हणजे अंगणात ५१२ पट जास्त उजेड. हा फक्त पडणाऱ्या उजेडाचा हिशोब झाला. अंगणातले पांढरे धोतर त्याहून दोनेक स्टॉप वर जाते आणि आजीच्या काळ्या लुगड्याच्या घड्या तीनेक स्टॉप खाली. सगळे दिसायला हवे असेल, तर चौदा स्टॉप लागतात.

कॅमेरा एकाच वेळी गडद ते लख्ख यांतला किती पल्ला पकडू शकतो, त्याला डायनॅमिक रेंज म्हणतात. सोनी आपल्या एफएक्स३ या कॅमेऱ्याची रेंज पंधरा स्टॉपांहून अधिक सांगते. पण त्या आकड्यात तळाचे दोन-तीन स्टॉप असे असतात, की तिथे तपशिलापेक्षा दाणेच जास्त दिसतात. माजघराचा हा शॉट म्हणून एकट्या कॅमेऱ्याच्या जोरावर निघत नाही. ऊन अंगणातून सरून सावली आली, की तिथला उजेड तीनेक स्टॉप उतरतो. आत पांढऱ्या थर्माकोलवरून किंवा एखाद्या एलईडीने दोन स्टॉप चढवले, की नऊचा फरक चारवर येतो आणि मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यालाही तो झेपतो. योग्य वेळ निवडायला पैसे लागत नाहीत. दोन स्टॉप जास्त देणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र लाखभर जास्त मोजावे लागू शकतात.

कंदिलाच्या प्रसंगात सेन्सरचा प्रश्न येतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, सुपर ३५ सुमारे पंचवीस मिलिमीटर रुंद आणि मायक्रो फोर थर्ड्स सतरा. मोठ्या सेन्सरवर एकूण उजेड जास्त गोळा होतो, म्हणून अंधारात तो सहसा स्वच्छ चित्र देतो. एफएक्स३ला लॉगमध्ये ८०० आणि १२,८०० असे दोन मूळ आयएसओ आहेत. दुसऱ्यावर तो कंदिलाच्या उजेडातही दाणे फारसे न दाखवता चित्रण करतो. गॅरेथ एडवर्ड्‌सने २०२३चा ‘द क्रिएटर’ हा विज्ञानपट बहुतांशी याच कॅमेऱ्यावर चित्रित केला.

मोठ्या सेन्सरची किंमत फोकसमध्ये मोजावी लागते. माणूस दोन मीटरवर आहे आणि लेन्सचे छिद्र एफ २ वर आहे असे धरू. चौकट तीच ठेवून फुल फ्रेमवर ५० मिलिमीटरची लेन्स लावली, तर सुमारे १९ सेंटिमीटर खोलीचा भागच स्पष्ट राहतो. सुपर ३५वर ३५ मिलिमीटरच्या लेन्सने तो सुमारे २६ सेंटिमीटर होतो आणि मायक्रो फोर थर्ड्सवर २५ मिलिमीटरच्या लेन्सने सुमारे ३८. आजी बोलता बोलता पुढे झुकली, तर १९ सेंटिमीटरचा पट्टा लगेच ओलांडला जातो. फोकस ओढायला अनुभवी माणूस नसेल, तर ऑटोफोकसची परीक्षा आधीच घ्यावी किंवा छिद्र बारीक करून आयएसओ वाढवावा. लहान पडद्यावर हा दोष सुटून जातो आणि मोठ्या पडद्यावर उघडा पडतो, म्हणून चाचणीचे चित्रण मोठ्या मॉनिटरवरच पाहावे.

तिसरा प्रश्न कोडेकचा, म्हणजे चित्र कसे आणि किती दाबून कार्डावर लिहिले जाते याचा. आठ बिटांमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, दहा बिटांमध्ये १,०२४. लॉगमध्ये सगळा उजेड मुद्दाम सपाट करून साठवतात आणि संकलनानंतर रंग देताना तो पुन्हा ताणतात. पायऱ्या कमी असल्या की माजघराच्या चुन्याच्या भिंतीवर पट्टे उमटतात आणि ते नंतर पुसता येत नाहीत. म्हणून लॉग वापरायचा असेल, तर दहा बिट आणि ४:२:२ हीच किमान अट धरावी. कॅमेऱ्यात एवढी सोय नसेल, तर लॉगचा हट्ट सोडून साध्या पिक्चर प्रोफाइलवर नीट एक्सपोजर करणे बरे.

कोडेकबरोबर साठवणीचाही हिशोब करावा लागतो. एफएक्स३मध्ये फोर-के, २५ फ्रेमचे ऑल-इंट्रा चित्रण सेकंदाला २५० मेगाबिट घेते, म्हणजे तासाला सुमारे ११२ गिगाबाइट. रोज दोन तास चित्रण झाले तर पाच दिवसांत ११०० गिगाबाइटच्या वर जाते. दोन प्रती ठेवायलाच हव्यात, म्हणून दोन-दोन टेराबाइटच्या दोन ड्राइव्ह आणि कार्डे उतरवून घ्यायला एक जबाबदार माणूस बजेटमध्ये धरावा. लाँग-जीओपी पद्धतीने फाइल लहान होते, पण प्रत्येक फ्रेम शेजारच्या फ्रेमवरून उलगडावी लागत असल्यामुळे साधा लॅपटॉप अडखळतो. मग प्रॉक्सी बनवण्यात वेळ जातो.

आता भाड्याचा की विकतचा, हे ठरवू. हिशोबासाठी मानू, की बॉडी, दोन लेन्स आणि बाकीचे सामान मिळून पाच लाखांचे आहे आणि हाच संच दिवसाला पाच हजार रुपये भाड्याने मिळतो. चित्रीकरणाचे पाच दिवस आणि चाचणीचा एक मिळून तीस हजार होतात. विकत घेतलेला संच तीन वर्षांनी निम्म्या किमतीला गेला, तर अडीच लाखांची घट झाली, म्हणजे पन्नास दिवसांचे भाडे. वर्षाला साधारण सतरा दिवस काम असेल तर दोन्ही सारखेच पडते. विमा आणि दुरुस्ती धरली तर वीस दिवस धरावेत. लग्नांची किंवा जाहिरातींची कामे नियमित करणाऱ्याला खरेदी परवडते. वर्षातून एक लघुपट करणाऱ्याने भाड्याचाच रस्ता धरावा.

भाड्याचे दर विचारताना अंधेरीतल्या दुकानात चार गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात: वाईला जाण्या-येण्याचे दिवस मोजले जाणार का, कॅमेऱ्याबरोबर अटेंडंट येणार का आणि त्याचा भत्ता व राहणे कोणाकडे, अनामत किती, आणि तुटफूट झाली तर किती भरायचे. सामान ताब्यात घेताना छिद्र एफ १६ वर नेऊन पांढऱ्या भिंतीचे चित्रण करावे. सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतात. मग लेन्सवर टोपण ठेवून अंधारात काही सेकंद चित्रण करावे. चमकणारा ठिपका एकाच जागी राहिला, तर तो पिक्सेल बिघडलेला आहे. दोन्ही गोष्टी दुकानातच दाखवून नोंदवून घ्याव्यात.

आपल्या लघुपटासाठी निर्णय असा होतो: मोठ्या सेन्सरचा, दहा बिट ४:२:२ देणारा कॅमेरा सहा दिवस भाड्याने घ्यावा. त्यातला पहिला दिवस वाड्यातच, कलाकारांऐवजी कोणाला तरी दारात आणि कंदिलापाशी बसवून चाचणीसाठी द्यावा. त्या दिवशीचे चित्रण रंग देऊन बघावे. भिंतीवर पट्टे आले, धोतराचा तपशील पूर्ण पांढरा झाला किंवा फोकस सुटला, तर काय बदलायचे ते चित्रीकरणाच्या आधी कळते. वाचलेले पैसे कॅमेऱ्यापेक्षा दिवे, आवाज आणि फोकस ओढणाऱ्या माणसावर खर्च करावेत, कारण प्रेक्षकाला चेहरा नीट दिसणे आणि बोलणे नीट ऐकू येणे त्यांच्यावरच अवलंबून असते.