साखरेचा कोटा आणि विखुरलेला ग्राहक

अमेरिकेत साखरेचा भाव बहुतेक वर्षी जागतिक बाजारापेक्षा बराच चढा असतो, कधी कधी जवळजवळ दुप्पट. याचं कारण निसर्गात किंवा वाहतुकीच्या खर्चात नाही. ते कायद्यात आहे. साखरेला संरक्षण देणाऱ्या व्यवस्थेचा आजचा सांगाडा १९८१ च्या कृषी विधेयकातून उभा राहिला आणि काही फेरफारांसह तो अजून टिकून आहे. अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर अनेक दशकं टीका केली, तरीही तो हलला नाही. ज्या धोरणात बहुसंख्यांचं नुकसान होतं ते लोकशाहीत इतकी वर्षं कसं टिकतं, हे समजून घ्यायला साखरेसारखं दुसरं उदाहरण क्वचितच सापडेल.

व्यवस्थेचा पहिला पाया म्हणजे तारण कर्ज. साखर कारखाना आपली साखर तारण ठेवून सरकारकडून कर्ज घेतो. कर्जाचा दर कायद्याने ठरलेला असतो. कच्च्या साखरेसाठी तो २०१८ च्या कायद्याने पौंडाला १९.७५ सेंट होता, तो २०२५ मध्ये २४ सेंट करण्यात आला. (एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम.) बाजारभाव या दराच्या खाली गेला, तर कारखाना कर्ज फेडत नाही, तारण ठेवलेली साखर सरकारच्या हवाली करून मोकळा होतो. म्हणजे कर्जाचा दर हाच किमान भाव ठरतो.

अशी साखर गोदामात साठत गेली, तर खर्च तिजोरीवर पडतो आणि अर्थसंकल्पात दिसू लागतो. तो टाळण्यासाठी भाव मुळातच पडू द्यायचा नाही, हा दुसरा पाया. देशातल्या कारखान्यांनी किती साखर विकायची यावर मर्यादा असते आणि बाहेरून येणाऱ्या साखरेला कोटा असतो. कोट्यातल्या कच्च्या साखरेवर पौंडाला एक सेंटही शुल्क लागत नाही. कोट्याबाहेरच्या साखरेवर मात्र १५.३६ सेंट लागतात, त्यामुळे ती आणणं बहुधा परवडत नाही. कोटा सुमारे चाळीस देशांत वाटलेला आहे, तोही १९७५ ते १९८१ या काळात कोणी किती साखर पाठवली होती त्या प्रमाणात. भारताच्या वाट्याला वर्षाला ८,४२४ टन येतात. रोज दहा हजार टन उसाचं गाळप करणारा आणि साडेदहा टक्के उतारा मिळवणारा महाराष्ट्रातला एक मोठा कारखाना तेवढी साखर आठ दिवसांत तयार करतो.

या रचनेमुळे साखर उत्पादकाला मिळणारी मदत सरकारी खर्चाच्या यादीत सहसा दिसतच नाही. ग्राहक ती भावातून भरतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२३ मध्ये या व्यवस्थेच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यानुसार ग्राहकांना वर्षाला २५० ते ३५० कोटी डॉलर जास्त मोजावे लागतात, तर उत्पादकांना १४० ते २७० कोटी डॉलरचा लाभ होतो. ग्राहकाच्या खिशातून गेलेला सगळा पैसा उत्पादकापर्यंत पोचत नाही. काही भाग कोटा मिळालेल्या परदेशी निर्यातदारांना जातो, कारण त्यांना अमेरिकेतला चढा भाव मिळतो. काही भाग कोणालाच मिळत नाही. जी साखर दुसरीकडे स्वस्तात पिकते ती महागात पिकवण्यात तो वाया जातो.

आता हेच आकडे माणशी मोजून पाहावेत. अमेरिकेची लोकसंख्या सुमारे साडेतेहतीस कोटी आहे. ग्राहकांवरचा बोजा तिने भागला, तर दरडोई वर्षाला साडेसात ते साडेदहा डॉलर येतात. चौघांच्या कुटुंबाला ते तीस-चाळीस डॉलर होतात. शिवाय ही रक्कम एकदम भरावी लागत नाही. ती बिस्किटं, जॅम, आइस्क्रीम, ब्रेड यांच्या किमतींत सेंट-सेंट करून विरघळलेली असते. दुसऱ्या बाजूला ऊस आणि साखरबीट पिकवणारी शेतं पाच हजारांहूनही कमी आहेत. २०० कोटी डॉलरचा लाभ धरला आणि तो पाच हजारांत वाटला, तर एका शेतामागे चार लाख डॉलर येतात. त्यातला काही वाटा कारखान्यांना जातो हे लक्षात घेतलं, तरी रक्कम मोठीच राहते.

या विषम वाटणीत राजकारणाची किल्ली आहे. अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये मतदाराच्या अज्ञानामागचा हिशेब मांडला होता. साखरेचा कोटा काय आहे, आपल्या खासदाराने त्यावर कसं मत दिलं, हे शोधायला लागणारा वेळ दहा डॉलरपेक्षा महाग पडतो. म्हणून ते न शोधणं हाच ग्राहकाच्या दृष्टीने शहाणपणा ठरतो. मँकर ओल्सन यांनी १९६५ मध्ये पुढचा प्रश्न विचारला. ज्यांचं नुकसान होतं ते एकत्र का येत नाहीत? त्यांचं उत्तर असं की कोटा उठला तर साखर सगळ्यांनाच स्वस्त मिळेल, लढलेल्यालाही आणि न लढलेल्यालाही. मग लढण्याचा खर्च आपण का करावा, असा विचार प्रत्येक जण करतो आणि कोट्यवधींचा समूह असंघटितच राहतो. लहान गटात प्रत्येकाचा वाटा मोठा असतो, कोण अंग चोरतो हे सगळ्यांना दिसतं आणि वर्गणी गोळा करणं सोपं जातं.

साखरबीट उत्पादकांना तर तयार संघटनाच मिळालेली आहे. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांच्या सीमेवर रेड नदीचं खोरं आहे. तिथली ‘अमेरिकन क्रिस्टल शुगर’ ही कंपनी १९७३ मध्ये शेतकऱ्यांनी विकत घेऊन सहकारी केली. बीट तिथल्याच कारखान्यात जातं, पैसे तिथूनच मिळतात आणि सभासदांची यादी कार्यालयात तयार असते. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर पट्ट्यात वाढलेल्या वाचकाला हे चित्र परकं वाटणार नाही. अशा भागातल्या लोकप्रतिनिधीसाठी साखरेचं धोरण हाच निवडणुकीचा प्रश्न असतो. इतर शेकडो प्रतिनिधींच्या मतदारसंघांत तो कोणी विचारतही नाही. शिवाय साखरेची तरतूद गहू, मका, कापूस, सोयाबीन आणि गरिबांसाठीचं अन्नसाहाय्य यांच्यासोबत एकाच कृषी विधेयकात येते. प्रत्येक गट दुसऱ्याच्या तरतुदीला पाठिंबा देऊन आपली तरतूद सुरक्षित करून घेतो. २०१८ मध्ये साखरेचं संरक्षण सैल करणारी दुरुस्ती प्रतिनिधीगृहात स्वतंत्रपणे मतदानाला आली, तेव्हा ती १३७ विरुद्ध २७८ मतांनी फेटाळली गेली.

घरगुती ग्राहक विखुरलेला असला, तरी साखर विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्या विखुरलेल्या नाहीत. त्यांनी हे धोरण का बदलून घेतलं नाही? त्यांच्यापैकी अनेकांना लढण्यापेक्षा वाट बदलणं स्वस्त पडलं. कोकाकोला आणि पेप्सी यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आपल्या अमेरिकी पेयांत साखरेऐवजी मक्याचं गोड सिरप वापरायला सुरुवात केली. साखरेचे सर्वांत मोठे ग्राहक अशा रीतीने रिंगणाबाहेर गेले. त्याच वेळी नवा मित्रपक्षही तयार झाला. साखर महाग असेपर्यंतच सिरपला चांगला भाव मिळतो, म्हणून मक्यावर प्रक्रिया करणारे उद्योग साखरेच्या संरक्षणाचे पाठीराखे बनले. मिठाई उद्योगापुढे वेगळी वाट होती. ‘लाइफ सेव्हर्स’ या गोळ्यांचा मिशिगनमधला कारखाना २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॅनडात हलवण्यात आला. तिथे साखर जागतिक भावाने मिळते. अमेरिकी वाणिज्य मंत्रालयाने २००६ मध्ये असा अंदाज मांडला की चढ्या भावामुळे साखर उत्पादनातला एक रोजगार वाचतो, तेव्हा मिठाई उद्योगातले जवळपास तीन रोजगार जातात. पण वाचलेला रोजगार कोणाचा हे नावानिशी माहीत असतं. गेलेल्या रोजगारावर साखर धोरणाचा शिक्का नसतो.

संरक्षण एकदा रुजलं की ते काढणं आणखी अवघड होतं. रेड नदीच्या खोऱ्यात बीट घालायचं तर कंपनीचे समभाग लागतात आणि ते शेतकरी एकमेकांकडून विकत घेतात. चढ्या भावाचा पुढच्या अनेक वर्षांचा फायदा या समभागाच्या किमतीत आधीच शिरलेला असतो. म्हणून तो फायदा जुन्या मालकाने विकताना वसूल केलेला असतो. नव्याने आलेल्या शेतकऱ्याच्या हाती साधारण नफाच राहतो, पण संरक्षण उठलं तर त्याची गुंतवणूक बुडते. गॉर्डन टलक यांनी १९७५ मध्ये हा सापळा दाखवून दिला. त्यामुळे आंदोलन करणारा शेतकरी खोटं बोलत नसतो, त्याचं नुकसान खरंच होणार असतं.

या सिद्धान्ताला मर्यादाही आहेत. उत्पादक नेहमी जिंकतो असा त्याचा अर्थ नाही. भारतात डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात देशातला कांदा स्वस्त राहावा म्हणून नाशिक पट्ट्यातल्या शेतकऱ्याला परदेशातला भाव सोडावा लागला. इथे पिकवणारेच असंख्य आणि विखुरलेले होते, तर कांद्याचा भाव शहरातल्या प्रत्येक घरात रोज कळतो आणि निवडणुकीत बोलला जातो. गरीब देशांत शेती बहुतेकांची असते आणि खाणाऱ्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा असतो. श्रीमंत देशांत दोन्ही उलट होतं. म्हणून एकीकडे धोरणाचा बोजा शेतकऱ्यावर पडतो आणि दुसरीकडे ग्राहकावर. निर्णायक गोष्ट उत्पादक की ग्राहक ही नसते. लाभ किंवा तोटा किती जणांत वाटला जातो आणि तो किती स्पष्ट दिसतो, यावर निकाल ठरतो.

कोंडी फोडण्याच्या वाटाही याच तर्कातून निघतात. १९३० च्या जकात कायद्यात अमेरिकी काँग्रेसने वस्तूगणिक दर ठरवले आणि प्रत्येक उद्योगाने आपली वस्तू त्यात घुसवली. १९३४ मध्ये काँग्रेसने परस्पर करार करून दर कमी करण्याचा अधिकार अध्यक्षांना दिला. परदेशाने आपली जकात कमी करावी यासाठी इथली जकात कमी करणं भाग पडू लागलं, तेव्हा निर्यातदार हा दुसरा संघटित गट जकात उतरवण्याच्या बाजूने उभा राहिला. दुसरी वाट भरपाईची. अमेरिकेतला भुईमुगाचा कोटा २००२ मध्ये रद्द झाला, तेव्हा कोटाधारकांना पौंडाला वर्षाला ११ सेंट याप्रमाणे पाच वर्षं मोबदला मिळाला. तंबाखूचा कोटा २००४ मध्ये अशाच भरपाईने संपवण्यात आला. भरपाईची रक्कम मोठी होती, पण ती ठरावीक होती, कागदावर लिहिलेली होती आणि एका तारखेला संपणारी होती. साखरेच्या कोट्याची किंमत मात्र अजून दर पुड्यामागे वसूल होते आणि कोणत्याही पावतीवर छापली जात नाही.